पडद्यावरचे १३.६

मे महिन्यातल्या त्या सकाळी सावद्याजवळच्या एका शीतगृहात तीन नंबरच्या खोलीतील हवा १८ अंशांच्या वर गेली होती आणि कार्यालयातल्या टीव्हीवर त्याच खोलीसमोर हिरव्या रंगात १३.६ हा आकडा दिमाखात उभा होता. खोलीत आखाताकडे जाणारी हिरवी केळी खोक्यांत भरून ठेवलेली होती. अशा केळीला साधारण साडेतेरा ते चौदा अंश लागतात. त्याखाली गेले तर सालीखाली काळपट रेषा उमटतात आणि वर गेले तर फळ पिकण्याच्या वाटेला लागते. एकदा का एखादे खोके फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडू लागले, की शेजारची खोकीही त्याच्यामागे जातात. मी तिथल्या तापमान-नोंदणी यंत्रणेची देखभाल पाहतो. ती यंत्रणा माझ्याआधीच्या एका ठेकेदाराने उभी केलेली होती.

कॉम्प्रेसर का थांबला, हे इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत सांगितले. रात्री पावणेबाराच्या सुमारास एक फेज गेला, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरने मोटार वाचवण्यासाठी ती बंद केली, आणि तो हाताने पुन्हा चालू करावा लागतो. म्हणजे संरक्षण-यंत्राने आपले काम चोख केले होते. प्रश्न माझ्या बाजूचा होता: तापमान १५ च्या वर गेले की फोन वाजायला हवा होता, तो का वाजला नाही?

व्यवस्थापकांचे म्हणणे होते की तापमान वाचून नोंदवणारी स्क्रिप्ट चालूच होती, आणि पुरावा म्हणून त्यांनी ठरल्या वेळी आज्ञा सोडणाऱ्या क्रॉनची नोंदवही उघडून दाखवली. तीत दर पाच मिनिटांनी एक ओळ रात्रभर न चुकता पडलेली होती. परंतु ती ओळ फक्त एवढेच सांगते, की क्रॉनने आज्ञा सोडली. पुढे काय झाले, हे ती सांगत नाही. मूळ आज्ञा अशी होती:

```
*/5 * * * * flock -n /tmp/temp.lock /opt/temp/read.py
```

यातला `flock -n` आधीची फेरी संपलेली नसेल तर नवी फेरी मुकाट्याने मागे फिरवतो. मी `ps -eo pid,etime,cmd` चालवून पाहिले, तेव्हा रात्रीपासून जिवंत असलेली एकच प्रक्रिया दिसली. जे काम चार-पाच सेकंदांत संपायला हवे, त्याला सहा तास उलटून गेले होते. ती सीरियल पोर्टवर उत्तराची वाट पाहत बसली होती. फेज गेला तेव्हा खोल्यांचे तापमान-नियंत्रक क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झाले. नेमके त्या क्षणी एक नियंत्रक उत्तर देत होता. त्यातले काही बाइट आले, उरलेले कधीच आले नाहीत. पायथनच्या सीरियल लायब्ररीत वेळमर्यादा दिली नाही, तर `timeout` चे मूल्य `None` राहते, आणि मग ती ठरलेले बाइट पूर्ण होईपर्यंत अनंत काळ थांबते. मागाहून आलेली प्रत्येक फेरी दाराला कुलूप पाहून परत गेली. इशारा देणारा कोडही त्याच स्क्रिप्टमध्ये असल्यामुळे तोही तिच्याबरोबरच अडकला.

ज्या धक्क्याने कॉम्प्रेसर थांबवला, त्याच धक्क्याने त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यालाही आंधळे केले, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. दोघांची वीज एक, इमारत एक, तारा एक.

टीव्हीच्या पानाबद्दल मात्र मला आजही चीड येते. ते पान दर अर्ध्या मिनिटाने ताजे होत होते, पण दर वेळी डेटाबेसमधली शेवटची नोंदच उचलत होते, मग ती कितीही जुनी असो. कोपऱ्यातले घड्याळ ब्राउझरचे होते, त्यामुळे सेकंदकाटा रात्रभर फिरत राहिला. रात्रपाळीच्या आप्पांना मशीनचा आवाज थांबल्याचे जाणवले होते. ते म्हणाले, "भाऊ, मी टीव्ही पाहिला. तेरा पॉइंट सहा होतं, म्हणून मशीन विश्रांतीला थांबलं असेल असं वाटलं." अनेक वर्षे त्या आवाजात वावरलेल्या माणसाचा कान बरोबर होता, पडद्याने त्याला गप्प केले. व्यवस्थापकांनी आप्पांना सर्वांसमोर बोल लावले, ते मला मुळीच पटले नाही.

दुरुस्ती म्हणून मी आधी फेरीला साठ सेकंदांची मर्यादा घातली, आणि नोंद यशस्वी झाल्यावरच बाहेरच्या एका सर्व्हरला ठोका, म्हणजे सगळे ठीक असल्याचा छोटा संदेश, जाईल अशी व्यवस्था केली:

```
*/5 * * * * flock -n /tmp/temp.lock timeout 60 /opt/temp/read.py && curl -fsS -m 10 --retry 3 -o /dev/null "$HB_URL"
```

भुसावळच्या रेल्वे वस्तीत वाढलेल्यांना हे तत्त्व वेगळे समजवावे लागत नाही. इंजिनात चालकाने ठरावीक वेळात काहीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा, मग भोंगा आणि शेवटी ब्रेक लागतो. तिथे शांतता हाच धोक्याचा संदेश असतो. इथेही बाहेरचा सर्व्हर ठोक्याची वाट पाहतो आणि तो आला नाही तरच फोन करतो. स्क्रिप्ट अडकली, संगणक बंद पडला, डिस्क भरली, कोणी वायर काढली, यांपैकी कशाचीही वेगळी कल्पना करून ठेवावी लागत नाही.

मात्र सगळी मदार त्या `&&` वर आहे, कारण आधीची आज्ञा यशस्वी झाली तरच तो पुढची चालवतो. ठोका स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाठवला असता, तर त्या रात्रीच्या पहिल्या, अडकलेल्या फेरीनेही तो पाठवून दिला असता. शिवाय जुन्या कोडमध्ये प्रत्येक चूक गिळून शेवटी शून्य, म्हणजे यशाचा संकेत, परतवणारा `except` होता. तो तसाच राहिला असता, तर एकाही खोलीचे उत्तर न येता ठोके सुखाने जात राहिले असते. आता एका जरी खोलीची नोंद राहून गेली, तर स्क्रिप्ट अपयशाचा संकेत देऊनच बाहेर पडते. पानावर प्रत्येक आकड्याखाली त्या नोंदीची वेळ दिसते, आणि नोंद दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की आकड्याच्या जागी आडव्या रेषा येतात.

किती वेळ वाट पाहायची, यावर बराच वाद झाला. मालकांना सहा मिनिटांत फोन हवा होता. आमच्याकडचे इंटरनेट इतक्या वेळा डुलकी घेते, की तसे केले असते तर आठवडाभरात सगळ्यांनी तो नंबर म्यूट केला असता. शेवटी मी मर्यादा केळीवरून ठरवली. सकाळी हवा १८ च्या वर असताना खोक्यांच्या मध्यभागी गरात खुपसलेला तापमापक १५ च्या आसपास होता. सहा तासांत गर दीडेक अंशच चढला होता. एवढ्या संथ मालाला वीस मिनिटे सहज परवडतात. फोनवरचा मजकूरही "स्क्रिप्ट बंद" असा न ठेवता "सावदा येथून नोंद येत नाही, खोल्या प्रत्यक्ष पाहा" असा ठेवला, कारण वीज गेली, नेट गेले की स्क्रिप्ट मेली, हे बाहेरच्या सर्व्हरला कळूच शकत नाही. तो बाहेरचा सर्व्हर स्वतः जिवंत आहे का, हे शीतगृहातला संगणक उलट दिशेने तपासतो आणि नसेल तर कार्यालयातला भोंगा वाजवतो.

तीन नंबरमधला माल निर्यातीतून काढून देशी बाजारात कमी भावाने द्यावा लागला.

एक भोक अजून बुजलेले नाही. नियंत्रक स्वतःच गोठला आणि दर वेळी तोच जुना आकडा नव्या वेळेसह देत राहिला, तर नोंद ताजी, ठोका वेळेवर आणि आकडा खोटा, असे होईल. खऱ्या खोलीतले तापमान कॉम्प्रेसरच्या चालू-बंद होण्याबरोबर थोडे तरी हलते, म्हणून तासभर दशांशही न हललेल्या आकड्याला संशयित धरण्याचा नियम मी लिहिला. पण त्या नियंत्रकाचे मोजमाप ०.१ अंशाचे आहे, आणि खोली पूर्ण भरून स्थिरावली की आकडा खरोखरच बराच वेळ जागचा हलत नाही, त्यामुळे गेल्या महिन्यात दोन खोट्या घंटा झाल्या. मर्यादा दोन तासांवर न्यावी, की प्रत्येक खोलीत वेगळ्या तारेवर दुसरा सेन्सर बसवावा, यावर मालकांशी बोलणे चालू आहे. सेन्सरच्या खर्चाचा कागद त्यांच्या टेबलावर आहे.