तीन बाटल्या माझ्या, आठ त्यांच्या

माझ्या खातेवहीत ५,५७० रुपयांचं एक येणं गेले अकरा महिने तसंच आहे. माझ्यासारख्या दुकानदारालाही ही रक्कम मोठी नाही. पण ती वसूल का झाली नाही, याचा विचार मी अजून करते. त्या दिवशी मी खरं बोलले म्हणून ती बुडाली, असं मनात येतं आणि ते मान्य करायला जड जातं.

जालन्यात माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. लेझरचं एक मशीन आहे, मी आहे आणि हाताखाली दोन मुलं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, आणि खरिपाच्या आधी त्या आपल्या विक्रेत्यांना बोलावून मेळावे घेतात. त्या मेळाव्यात वाटायच्या वस्तूंवर माझा मे महिना चालतो. गेल्या वर्षी अशाच एका कंपनीच्या पर्चेसमधून फोन आला. एक लिटरच्या व्हॅक्यूम बाटल्या, २६० नग, वर कंपनीचा लोगो आणि खाली प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानाचं नाव मराठीत. "ताई, सहाशेच्या आत बसवा."

सहाशे म्हणजे जीएसटी धरून की सोडून, हे मी आधी विचारते. फुकट वाटायच्या भेटवस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला घेता येत नाही, म्हणजे तो कर त्यांच्या खिशातूनच जातो. हे पर्चेसवाल्याला अनेकदा ठाऊक नसतं, अकाउंट्सवाल्याला असतं, आणि बिल लागायच्या दिवशी दोघांचं भांडण माझ्या दारात येतं. या वेळी "सोडून" असं उत्तर ईमेलवर घेतलं.

मग भाव काढला. बाटली मला ४१० ला पडत होती. लेझरचे ४५, खोका आणि त्यावरची छापील पट्टी ३८, वाहतूक १२, खराब निघणाऱ्या नगांसाठी १०, आणि माझे ७५. झाले ५९०. २६० नगांचे १,५३,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,६१२, एकूण १,८१,०१२ रुपये.

ॲडव्हान्स मी ७० टक्के लिहिला. समोरच्याला तो जास्त वाटतो, कारण बाजारात "अर्धे आधी, अर्धे नंतर" ही बोली रुळली आहे. पण घाऊक व्यापारी मला उधार देत नाही. सुट्या सहा धरून २६६ बाटल्यांचे करासह १,२८,६९१ रुपये त्याला आधी द्यावे लागतात. सत्तर टक्के म्हणजे १,२६,७०८, जेमतेम तेवढेच. बाटलीवर एकदा कुणा कृषी सेवा केंद्राचं नाव कोरलं की ती जगात दुसऱ्या कुणालाही विकता येत नाही. कोरायच्या आधी मालाचे पैसे माझ्याकडे आले पाहिजेत, म्हणून टक्का ठरवताना मी रिवाज न बघता बाटलीची खरेदी बघते.

कोटेशनमध्ये मुदतही लिहिली: बारा दिवस. पण ते मोजायचे ॲडव्हान्स, लेखी ऑर्डर आणि सही केलेली नावांची यादी या तिन्हींपैकी जे शेवटी हाती येईल त्या दिवसापासून. हे वाक्य नसलं तर फोन झाला त्या दिवसापासून मोजणी सुरू होते.

चार दिवसांनी त्यांची परचेस ऑर्डर आली. पहिल्या पानावर माझाच भाव. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात त्यांच्या नेहमीच्या छापील अटी: पेमेंट माल जमा झाल्यापासून ६० दिवसांनी. ॲडव्हान्सचा कुठे उल्लेखच नाही. मी फोन केला. पर्चेसमधला पोरगा तिशीचा असेल, स्वभावाने चांगला. "मॅडम, ते छापीलच असतं. सगळ्यांच्या ऑर्डरवर तेच येतं. तुमचा ॲडव्हान्स मी बघतो ना."

इथे माझ्यासारखे बहुतेक जण मान डोलावतात, आणि एके काळी मीही डोलावली आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या सातव्या कलमात स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी असं म्हटलं आहे. माझ्या अटी बदलून दिलेली ऑर्डर म्हणजे माझ्या कोटेशनला दिलेला होकार नव्हे, तो त्यांचा नवा प्रस्ताव आहे. त्यावर मी गुपचूप माल पाठवला तर त्या साठ दिवसांना मीच होकार दिल्यासारखं होतं. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी माझ्याकडेही आहे, पण मी पडते व्यापारी. २०२१ साली व्यापाऱ्यांना ही नोंदणी पुन्हा खुली झाली ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्ध लघुउद्योगाला जे संरक्षण मिळतं ते मला नाही. म्हणून दुरुस्त ऑर्डर आल्याशिवाय मी बाटल्या मागवल्या नाहीत. सहा दिवस गेले. मग त्यांच्या अकाउंट्सने प्रोफॉर्मावर, म्हणजे कच्च्या बिलावर, ॲडव्हान्स द्यायला नकार दिला, पक्कं टॅक्स इनव्हॉइस मागितलं. ते मी माल निघताना देते. आत्ताच फाडलं तर पूर्ण रकमेचा कर याच महिन्याच्या विवरणात मला भरावा लागेल, असं समजावलं. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी लागत नाही, ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पावती देईन, इनव्हॉइस नाही, यावर मी ठाम राहिले. पैसे आले.

यादीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण चूक तिथे झाली.

यादी एक्सेलमध्ये होती, पण श्रीलिपीत टाइप केलेली. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फाइलच्या पोटात मराठी अक्षर नसतं, इंग्रजी चिन्हांचे आकडे असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फाँट काढला की कचरा उरतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणायला मी कन्व्हर्टर चालवते. मग कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नावाचे कर्व्ह करते, म्हणजे अक्षराचं चित्र बनवते, कारण माझ्या मशीनच्या सॉफ्टवेअरला सरळ मराठी दिलं तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कर्व्ह झाल्यावर ते मजकूर राहत नाही. त्यात शोधता येत नाही, चूक दुरुस्त करता येत नाही. एकेक नाव डोळ्याने वाचणं एवढाच मार्ग.

माझ्या कन्व्हर्टरने 'ऱ्ह' आणि 'ऱ्या' मधला अर्धा र गिळला आणि त्याचा रफार केला. कुऱ्हाडेचं कुर्हाडे झालं. २६० नावांत अशी तीनच होती. मी दोनदा वाचलं होतं, पण दोन्ही वेळा मेंदूने बरोबर तेच वाचलं. आपल्या ओळखीचं आडनाव डोळा वाचत नाही, ओळखतो. तेरा पानांचं प्रूफ पाठवलं, प्रत्येक पानावर सही मागितली. पोराने तेराही पानांवर सह्या करून पाठवल्या.

पावडर कोटिंगवर लेझर मारलं की रंग जळून खालचं स्टील दिसतं. खोडता येत नाही. एका बाटलीला दीड मिनिट. दोन नग मशीनवर बसवताना हलले आणि वाया गेले, ते धरलेलेच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोक्यात भरताना हाताखालच्या एका मुलाने एक बाटली पुढे केली. "ताई, कुऱ्हाडे असं लिहितात का?"

तीन बाटल्या बाजूला काढल्या. नेमका त्याच रात्री कंपनीच्या सेल्समधून फोन: पाच विक्रेते बदलले, आणि तिघांच्या दुकानांची नावं यादीतच जुनी होती. म्हणजे आठ बाटल्या नव्याने. माझ्या कोटेशनमध्ये स्पष्ट होतं की सहीनंतरच्या बदलाला पूर्ण किंमत लागेल. मी पर्चेसच्या पोराला सांगितलं: आठचे ४,७२० अधिक कर, ५,५७० रुपये होतील. आणि त्याच श्वासात हेही सांगितलं की तीन नावं माझ्याकडून चुकली आहेत, ती मी माझ्या खर्चाने करून देते. सही तुमची आहे, पण चूक माझ्या दुकानात झाली.

तो म्हणाला, "करा ताई, मी बघतो."

लेखी दुरुस्तीसाठी मी थांबले नाही. मेळावा तिसऱ्या दिवशी होता. सुट्या सहांपैकी दोन मशीनने खाल्ल्या, तीन माझ्या चुकीला गेल्या, एक उरली. सात बाटल्या संभाजीनगरहून चढ्या भावाने ट्रॅव्हल्सच्या गाडीत मागवल्या. टोपणाच्या रंगात किंचित फरक होता. तो माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नाही, पण मला तो अजून दिसतो.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी चार वाजता टेम्पो त्यांच्या गेटवर होता. उरलेली रक्कम माल उतरण्यापूर्वी, असं दुरुस्त ऑर्डरमध्ये होतं. अकाउंट्सने ५४,३०४ द्यायची तयारी दाखवली आणि ५,५७० ला हात जोडले: "ऑर्डरमध्ये नाही, सिस्टिम घेत नाही." आणि मग त्या गृहस्थांनी जे म्हटलं ते मला अजून ऐकू येतं. "मॅडम, बदल तर तुमच्या चुकीमुळेच झाले ना? तुम्हीच कबूल केलंय. अकराच्या अकरा त्यातच आल्या."

मी तीन आणि आठ वेगळे करून दाखवले. सह्यांची पानं काढली. सेल्सच्या फोनची वेळ दाखवली. बेचाळीस अंशांच्या उन्हात पर्चेसचा पोरगा गेटवर माझ्याबरोबर उभा होता, पाण्याची बाटली आणून देत होता, आणि साहेबांसमोर "फोन सेल्सकडून आला होता" हे एक वाक्य त्याला बोलवेना. त्याचा मला राग आला होता. पगारातून कापतील ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती, ती खोटी नव्हती.

माझ्या हातात त्या क्षणी सगळं होतं. त्या बाटल्या माझ्या काही कामाच्या नव्हत्या, तशा मेळावा झाल्यावर त्यांच्याही उरल्या नसत्या. उद्या सकाळपर्यंतच त्यांना किंमत होती. साडेसात वाजता ५४,३०४ चा मेसेज आला. मी ५,५७० साठी टेम्पो अडवला नाही. वेगळं इनव्हॉइस दिलं, माल उतरवला. त्या इनव्हॉइसचा ८४९ रुपये ६० पैसे कर मी त्या महिन्यात भरलाही. पैसे येवोत न येवोत, तो भरावाच लागतो.

घरी नवरा म्हणाला, सही त्यांची होती, तू तीन नावांचं बोलायलाच नको होतंस. अकराही त्यांच्या खात्यावर गेल्या असत्या. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. पण ते कुऱ्हाडे दरवर्षी त्या मेळाव्याला येतात. भर सभेत नाव पुकारून त्यांच्या हातात चुकीच्या नावाची बाटली दिली गेली असती आणि ती माझ्या मशीनवर कोरलेली असती. हे मला चाललं नसतं. मग चुकलं कुठे? माझी चूक मी सांगितली तिथे नाही, असं मला आज वाटतं. आठ बाटल्यांच्या दुरुस्त ऑर्डरसाठी सात तास थांबायला हवं होतं, आणि तीन व आठ ही दोन वेगळी पत्रं असायला हवी होती. एकाच फोनवर दोन्ही बोलले आणि दोन्हींची मोळी बांधली गेली. दुसऱ्या दिवशी मात्र मी पुन्हा नवऱ्याच्या बाजूने विचार करते.

आता कोटेशनमध्ये दोन ओळी वाढल्या आहेत. नावांची यादी शक्यतो युनिकोडमध्ये घेतली जाईल. जुन्या फाँटमधली आणल्यास ती बदलून घेण्याची जबाबदारी आणि त्यातली चूक माझी. आणि सहीनंतरचा बदल दुरुस्त ऑर्डर क्रमांक मिळाल्यावरच मशीनवर जाईल, मग मेळावा उद्या असला तरी.

या वर्षी त्या कंपनीने कोटेशन मागितलेलं नाही. पर्चेसच्या त्या पोराला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. कुर्हाडे लिहिलेल्या तिन्ही बाटल्या दुकानातच आहेत, आमची मुलं त्यातूनच पाणी पितात.