पीक डिटेक्टरमधला ड्रूप: माझा अनुभव

सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसच्या लोडसेलवरून येणारा जेमतेम २० मिलिसेकंदांचा, सुमारे ३ व्होल्टचा ठोका साध्या मल्टिमीटरवर वाचता यावा, यासाठी मी सिग्नलचे शिखर पकडून धरून ठेवणारा पीक डिटेक्टर बांधायला घेतला. पहिला ऑप-अॅम्प डायोडमधून १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर भरतो, दुसरा बफर म्हणून तो व्होल्टेज वाचतो आणि बफरचे आउटपुट पहिल्याच्या उणे इनपुटला परत जाते, त्यामुळे डायोडवरचा ड्रॉप वाचनात येत नाही. बफर अनिवार्यच होता, कारण मीटरचा १० मेगओम रोध थेट कपॅसिटरवर लावला असता तर सेकंदाला जवळजवळ ०.३ व्होल्ट उतरले असते; पकडलेला व्होल्टेज असा उतरत जाणे म्हणजेच ड्रूप.

हाताशी एलएम३५८ होता, म्हणून सुरुवात त्यानेच केली. पकडलेला आकडा उतरण्याऐवजी हळूहळू चढू लागला, कारण या चिपच्या इनपुटमधून साधारण २० ते ४५ नॅनोअँपिअर करंट बाहेर येतो आणि तोच कपॅसिटर भरत राहतो. पायांची मांडणी सारखी असल्याने त्याच सॉकेटमध्ये, ±१२ व्होल्टवर, टीएल०७२ बसवला. त्याचा इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये असतो. आता आकडा सेकंदाला १२ मिलिव्होल्ट उतरू लागला, आणि I = C × dV/dt या हिशोबाने गळती १२ नॅनोअँपिअर ठरली. संशय उरला तो १एन४१४८ या डायोडवर.

टेबललॅम्प बंद करताच उतार निम्म्याहून कमी झाला! हा डायोड काचेच्या आवरणातला असल्याने उजेडाने त्याची उलटी गळती वाढते. काळी स्लीव्ह चढवल्यावर दिव्याचा फरक उरला नाही. शॉटकी डायोडचा ड्रॉप कमी म्हणून तो सुचवणारे बरेच भेटतात, पण त्याची गळती कित्येक पट जास्त असते आणि इथे ड्रॉप लूपच भरून काढतो. उष्णतेचे मात्र स्लीव्हने भागत नाही: दर १० अंशांना गळती साधारण दुप्पट होते, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ते लगेच दिसते.

म्हणून दोन १एन४१४८ एकापुढे एक जोडले आणि त्यांच्या मधल्या बिंदूला बफरच्या आउटपुटवरून १०० किलोओम रोध दिला. पहिल्या डायोडची गळती आता बफर पुरवतो, तर कपॅसिटरकडच्या डायोडच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज राहतो. २५ नॅनोअँपिअर गळती धरली तरी फरक २.५ मिलिव्होल्टचाच. आकडा वाचून वहीत लिहीपर्यंत शेवटचा अंकही हलेनासा झाला.

कपॅसिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७ ओम घातले आहेत. ते नसल्यास चढत्या कडेवर ऑप-अॅम्प खऱ्या शिखराच्या थोडा वर जातो, डायोड त्याला खाली येऊ देत नाही आणि तीच खोटी उंची पकडली जाते. हा रोध वाढवला तर टोकदार शिखर कमी दिसते. आमच्या प्रेसचा ठोका माथ्यावर गोलसर असल्याने तिथे कपॅसिटरचा करंट शून्याजवळ येतो आणि ४७ ओमची चूक मीटरवर दिसत नाही.