सूचीचं घनफळ तिसरा हिस्साच का?

जर्मनीत गॉटिंगेनला लेकीच्या नववीच्या पेपरात सूचीचं, म्हणजे पिरॅमिडचं, घनफळ बरोबर आलं होतं: 24 × 12 ÷ 3 = 96 घन सेंमी. तरी निम्मेच गुण. शेजारी लाल शाईत प्रश्न: 'तीननेच भाग का?' माझा पाराच चढला. आपल्याकडे शंकूने तीनदा वाळू ओतून वृत्तचिती भरून दाखवतात, त्यावर आमच्या पिढ्या शिकल्या; आणि इथल्या मुलांना 24 गुणिले 12 ला कॅल्क्युलेटर लागतो! पण वाळूतून तीन हा आकडा कळतो, कारण कळत नाही. बाईंचं तेवढं म्हणणं मला पटलं.

मग आम्ही बटाट्याची त्रिकोणी चिती कापली. खालचा त्रिकोण अबक, वरचा पफभ. अ च्या डोक्यावर प, ब वर फ, क वर भ. तळ 24 चौ. सेंमी, उंची 12. पहिला काप प, ब, क मधून. अबक तळाची, प शिरोबिंदूची सूची सुटली. उरलेल्या तुकड्याचा तळ बकभफ हा आयत, टोक प. तो कफ या कर्णावर, प मधून कापला की आणखी दोन सूची मिळतात. दोघींचे तळ म्हणजे आयताचे दोन निम्मे भाग आणि टोक एकच, म्हणून त्या सारख्या. त्यातली कभफ तळाची सूची आता उलटी धरा: तळ पफभ, टोक क. म्हणजे तळ 24, उंची 12, अगदी पहिलीसारखी. तिन्ही समान, प्रत्येकी 96. तळ त्रिकोणी नसेल तर त्याचे आधी त्रिकोण पाडायचे.

पण खरी मेख इथेच आहे. हे तुकडे दिसायला वेगवेगळे असतात, एकावर एक बसत नाहीत. तळ आणि उंची सारखी म्हणून घनफळ सारखं, हे कशावरून? टोकापासून 6 सेंमीवर, म्हणजे निम्म्या उंचीवर, तळाला समांतर काप घ्या. प्रत्येक बाजू निम्मी होते, म्हणून क्षेत्रफळ पाव: 6 चौ. सेंमी. टोकापासून 3 सेंमीवर बाजू पाव, क्षेत्रफळ सोळावा हिस्सा: दीड. सूची सरळ असो वा कलती, त्याच अंतरावर तोच आकडा येतो. प्रत्येक पातळीवर छेद समान, म्हणून घनफळ समान. इथे या तत्त्वाला बोलोन्याच्या कावालिएरी या गणितज्ञाचं नाव देतात. त्याचा ग्रंथ 1635 चा.

चकत्यांशिवाय, नुसती कापाकापी करून हे दाखवता येईल का, असं लेकीने विचारलं. घनाच्या एका कोपऱ्यातून त्याच्या तीन हुबेहूब सूची होतात, तिथे जमतं. पण प्रत्येक सूचीला नाही. याच गावच्या हिल्बर्ट या गणितज्ञाने 1900 मध्ये हा प्रश्न मांडला आणि त्याचा विद्यार्थी माक्स डेन याने त्याच वर्षी सिद्ध केलं: तळ आणि उंची समान असलेल्या अशाही सूची आहेत, ज्यांतली एक कितीही तुकडे करून दुसरीत जुळवता येत नाही.