एका अमावास्येवरून पुढच्या सगळ्या: बावीस महिन्यांची नोंदवही

गेल्या वर्षी जानेवारीत एक पैज स्वतःशीच लावली होती. कॅलेंडरमधली एकच अमावास्या घ्यायची, पुढच्या सगळ्या स्वतः काढायच्या आणि चूक तासा-मिनिटांत लिहून ठेवायची. यंदाच्या दिवाळीच्या अमावास्येपर्यंत बावीस महिने झाले, म्हणून आता सविस्तर लिहितो.

सुरुवातीची नोंद मार्गशीर्ष अमावास्येची: ११ जानेवारी २०२४, संध्याकाळी ५:२७. कॅलेंडरात अमावास्या संपण्याची जी वेळ छापतात, तोच सूर्य-चंद्राच्या युतीचा क्षण. त्यामुळे वेगळी साधनं लागत नाहीत, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पुरतं. फक्त ते दृक् गणिताचं हवं. जुन्या सारण्यांवरून केलेल्या पंचांगात काही तासांचा फरक पडू शकतो आणि मग आपली चूक कुठली, पंचांगाची कुठली हे कळत नाही.

डोळ्यांनी पडताळण्याचा प्रयत्न केला, पण त्याने दिवस कळतो, तास नाही. ११ मार्च २०२४ ला गंगापूर धरणावरून पश्चिमेला रमजानची कोर छान दिसली. आदल्या दुपारी अडीचला युती झाली होती, म्हणजे कोर अठ्ठावीस तासांची. जून ते सप्टेंबर तर नाशिकच्या आभाळात काही बघायची सोयच नाही.

साडेएकोणतीसने काय होतं

आधी २९ आणि ३० दिवस आलटून पालटून धरले. एक-दोन महिने चालतं. पण खरी सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं ३ सेकंद आहे, आणि ती वरची ४४ मिनिटं दर महिन्याला साचत जातात. वर्षाला पावणेनऊ तास, पावणेतीन वर्षांत अख्खा दिवस. ६ जानेवारी २०००, रात्री ११:४४ या अमावास्येपासून जानेवारी २०२४ पर्यंत २९७ चांद्रमास होतात. तिथून साडेएकोणतीसने उडी मारली तर नऊ दिवस मागे पडतो. २९.५३ ने मारली तर चूक आठ तासांपेक्षा कमी. २९.५३०५८९ घेतलं तर दुपारी १:४६ येतात, खरी वेळ ५:२७. चोवीस वर्षांत पावणेचार तास! आकडा पुरेसा बारीक असेल तर चूक साचत नाही, हे तेव्हा पटलं.

मग जवळच्या अमावास्यांना ती मोठी का येते, हा खरा प्रश्न.

पहिलं वर्ष: चुकीचा डोंगर

११ जानेवारीत दर वेळी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं मिळवत गेलो. माझा अंदाज खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे गेला, ते असं:

फेब्रुवारी १ तास ४२ मि.
मार्च ४:२५
एप्रिल ७:४८
मे ११:३१
जून १४:५९
जुलै १७:२४
ऑगस्ट १७:५२
सप्टेंबर १५:५४
ऑक्टोबर ११:४४
नोव्हेंबर ६:३०
१ डिसेंबर १:४०

नंतर चिन्हच बदललं. ३१ डिसेंबरची अमावास्या अंदाजाच्या १:४२ तास नंतर झाली, २९ जानेवारी २०२५ ची ३:०७ नंतर, २८ फेब्रुवारीची २:३२ नंतर. गटारीला चूक सर्वांत मोठी होती, त्यावर घरात व्हायचे ते विनोद झाले.

यात एक गंमत सांगायलाच हवी. ऑक्टोबरची चूक आधी ३५ तास ४४ मिनिटं आली होती. आजूबाजूला १५:५४ आणि ६:३०, आणि मधेच हा सुळका. चंद्र असा दचकत नाही, म्हणजे गोंधळ माझाच. सर्वपित्रीचा दिवस २ ऑक्टोबर, अमावास्या संपली उत्तररात्री १२:१९ ला. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून ती वेळ २ तारखेच्या चौकटीत छापलेली असते, पण आपल्या घड्याळात ती ३ तारीख. फेब्रुवारी आणि जुलैला पहाटेच्या वेळा मी लक्षात ठेवून पुढच्या तारखेत टाकल्या होत्या, इथे विसरलो. तुमच्या यादीत चूक एकाएकी चोवीस तासांनी उडाली तर आधी हेच बघा.

दोष सुरुवातीच्या तारखेचा

चांद्रमास सगळे सारखे नसतात. २०२४ मध्ये एप्रिल ते मे हा महिना २९ दिवस ९ तासांचा होता, ऑक्टोबर ते नोव्हेंबर जवळपास २९ दिवस १८ तासांचा. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना भरभर चालतो, लांब असताना रेंगाळतो. युती जवळच्या टोकाला होत असेल तर महिना लहान भरतो. या एका कारणाने खरी अमावास्या सरासरीच्या पावणेदहा तासांपर्यंत मागेपुढे होते. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणखी सुमारे चार तास.

म्हणजे मी ज्या ५:२७ ला खुंटा समजून दोर बांधला, तो खुंटाच सरासरीच्या जागेवर नव्हता. ती अमावास्या उशिरा झालेली होती आणि तिचा उशीर मी पुढच्या प्रत्येक अंदाजात ओढत नेला.

दुरुस्ती यादीतच होती. चूक एका टोकाला +१७:५२, दुसऱ्या टोकाला −३:०७. मध्य ७ तास २२ मिनिटं. सुरुवात तेवढी मागे ओढली: ११ जानेवारी, सकाळी १०:०५. लगेच सगळ्या चुका साडेदहा तासांच्या आत आल्या, दोन्ही बाजूंना सारख्या. नंतर सरासरी अमावास्येच्या सूत्राने हीच वेळ काढली, ती ९:५२ आली. घरगुती मध्य आणि सूत्र यांत तेरा मिनिटांचा फरक, यावर मी एक चहा जास्त घेतला.

ज्यांना वर्षभर थांबायचं नाही त्यांनी सरळ सूत्राची सरासरी वेळ घ्यावी. पण एकाच पाहिलेल्या तारखेवर सगळं उभं करणार असाल तर चुकीची खिडकी दुप्पट धरा.

अंदाज बरोबर की चूक हे तारखेवरून ठरवू नका, हेही इथेच कळलं. ८ एप्रिल २०२४ ची अमावास्या (अमेरिकेत खग्रास ग्रहण दिसलं ती) आपल्याकडे रात्री ११:५१ ला संपली. माझा सुधारलेला अंदाज १२:१७, म्हणजे २६ मिनिटांची चूक, तरी तारीख चुकली. जुलैला दहा तास चुकलो आणि तारीख मात्र बरोबर.

चौदा महिन्यांची युक्ती

सरासरीचं गणित साडेदहा तासांपुढे जात नाही. तिथून पुढे जायला माझी यादीच कामी आली. चंद्राला जवळच्या बिंदूपासून पुन्हा जवळच्या बिंदूवर यायला २७.५५ दिवस लागतात. असे पंधरा फेरे म्हणजे ४१३.३ दिवस. चौदा चांद्रमास म्हणजे ४१३.४ दिवस. म्हणून चौदा अमावास्यांपूर्वी चंद्र आपल्या कक्षेत जिथे होता, जवळजवळ तिथेच आज असतो आणि चूकही जवळजवळ तीच येते.

यंदाच्या दिवाळीला हे वापरलं. बाविसावी अमावास्या: सरासरीने २२ ऑक्टोबर २०२५, पहाटे २:१४. चौदा मागे म्हणजे आठवी, सप्टेंबर २०२४, पोळ्याची. तिची चूक १५:५४ वजा ७:२२, म्हणजे ८:३२. २:१४ मधून ते वजा केले तर २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४२. कॅलेंडरात ५:५५ च्या आसपास. लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला हा वाद सगळीकडे चालू होता तो याचमुळे: अमावास्या आपल्या सूर्यास्ताच्या जेमतेम आधी संपत होती. आई म्हणाली, "तुझ्या वहीत काय म्हणतंय?" बावीस महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारलं.

पण लगेच फुगून जायला नको. २५ जून २०२५ ला हीच युक्ती तीन तासांनी फसली होती: माझा अंदाज संध्याकाळी ७:०९, खरी वेळ ४:०१. कारण ४१३ दिवस म्हणजे एक वर्ष आणि वर ४८ दिवस. चंद्र जागेवर येतो, सूर्य मात्र ४८ दिवस पुढे सरकलेला असतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा सूर्य आकाशात जरा वेगाने सरकताना दिसतो आणि चंद्राला त्याला गाठायला जास्त पळावं लागतं. तो उशीर साठत जाऊन एप्रिलच्या सुरुवातीला चार तासांवर जातो, जुलैत शून्य होतो, ऑक्टोबरमध्ये उलटा चार तास.

याचं सूत्र मी असं धरतो: उशीर तासांत = ४.१ × साइन (३ जानेवारीपासूनचे दिवस × ३६० ÷ ३६५). जूनसाठी: चौदा महिने आधीची अमावास्या ८ मे २०२४ ची, तिचा सूर्यामुळे झालेला उशीर ३.४ तास. २५ जूनचा ०.७. फरक पावणेतीन तास. ७:०९ मधून तेवढे काढले की ४:२५ येतात. चूक २४ मिनिटं.

दिवाळीला मात्र ही दुरुस्ती लावली असती तर ५:४२ चे ५:२१ झाले असते, म्हणजे बिघाडच. तिथली तेरा मिनिटं नशिबाची. बारीकसारीक बाकीचे परिणाम माझ्या गणितात नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आसपासची चूक मी गृहीतच धरतो.

पुढची नोंद

सत्ताविसावी अमावास्या, पाडव्याआधीची. सरासरीने १८ मार्च २०२६, संध्याकाळी ५:५४. चौदा मागे २९ जानेवारी २०२५, तिथे अंदाज सुधारूनही १०:२९ तास लवकर होता. तेवढे मिळवले की १९ मार्च, पहाटे ४:२३. आता सूर्य: जानेवारीचा उशीर १.८ तास, मार्चचा ३.९. आणखी दोन तास दहा मिनिटं मिळवली की सकाळचे ६:३३.

नाशिकला त्या दिवशी सूर्योदय ६:४० च्या सुमारास. माझी अर्ध्या तासाची चूक त्याच्या दोन्ही बाजूंना पसरते, म्हणजे सूर्योदयाला अमावास्या असेल की प्रतिपदा, हे वहीवरून ठरत नाही. २०२६ चं कॅलेंडर आणून ठेवलंय, मार्चचं पान अजून उघडलेलं नाही.