पाठीमागचा फोटो

आज नववीच्या वर्गात वीस मिनिटं बोललो. पॉवर बँकेची एक ऑनलाइन जाहिरात दाखवली. सगळ्यांचं लक्ष पुढच्या मोठ्या आकड्यावर! म्हटलं, पाठीमागचा फोटो मोठा करा. तिथे बारीक अक्षरात R- ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care ॲपमध्ये टाकला, तर निघाला एलईडी दिव्याचा! वर्गात हशा.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, खऱ्या पॉवर बँकेचाच नंबर चोरून छापला तर?"

छापतातच की. म्हणून ॲपमधला ब्रँड फोटोतल्या नावाशी जुळवायचा. पण हुबेहूब नक्कल असेल तर फोटोवरून कळत नाही, हे कबूल केलं.

घरी येऊन माझाच चार्जर उलटा करून पाहिला. अक्षरं केव्हाच पुसली गेलीत.