अभय कुणाला?

“आत्ता भरून टाकू, की पुढच्या अभय योजनेची वाट बघू? आणि खरं सांगा, वेळेवर भरणारे आम्ही येडेच का?”

हा प्रश्न मला करसल्लागार म्हणून वर्षातून दहा वेळा तरी ऐकावा लागतो, बहुतेक मार्चमध्ये आणि चहा अर्धा झाल्यावर. विचारणाऱ्याला बहुधा दुसऱ्या भागाचंच उत्तर हवं असतं, म्हणून आधी तेच घेतो.

महाराष्ट्रात जुन्या विक्रीकर आणि व्हॅटच्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ अशा सात वर्षांत चार तडजोड योजना आल्या. शेवटच्या दोन शेजारी ठेवून बघा. २०२२ मध्ये दहा हजारांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ होती आणि दहा लाखांपर्यंत असेल, तर एकरकमी वीस टक्के भरले की सुटका. पुढच्याच वर्षी दहा हजारांचे दोन लाख झाले आणि दहा लाखांचे पन्नास लाख.

आता एकाच बाजारपेठेतले तीन दुकानदार धरा. तिघांनाही २०१३-१४ सालच्या व्यवहारांवर कर, व्याज, दंड मिळून एक लाख ऐंशी हजारांची मागणी निघाली. पहिला घाबरट, किंवा प्रामाणिक म्हणा. त्यानं आदेश हातात पडताच सगळे भरले. दुसरा २०२२ पर्यंत थांबला आणि छत्तीस हजारांत मोकळा झाला. तिसऱ्यानं २०२२ च्या योजनेकडेही ढुंकून पाहिलं नाही. २०२३ मध्ये त्याला एक रुपयाही भरावा लागला नाही. चाळीस लाखांची थकबाकी असणाऱ्याचंही तसंच. २०२२ मध्ये त्याला वीस टक्क्यांचा रस्ता बंद होता, वर्षभरानं तो आठ लाखांत सुटू शकत होता. जो जितका उशिरा आला तितकं त्याचं भलं झालं, आणि हे बाजारात सगळ्यांना दिसलं. पहिल्या दुकानदारानं मला नंतर विचारलं, माझे परत मिळतील का? भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे मला त्याला सांगावं लागलं. तो काही बोलला नाही, फक्त फाइल उचलून निघाला.

पण थकबाकीदार म्हटलं की डोळ्यांसमोर लबाड माणूस उभा राहतो, तिथे मला थांबावंसं वाटतं. माझ्या कपाटातल्या जुन्या फाइलींपैकी बऱ्याचशा सी-फॉर्मच्या आहेत. तुम्ही परराज्यातल्या व्यापाऱ्याला दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लावून माल विकला. तो सवलतीचा दर टिकायचा तर त्या व्यापाऱ्यानं त्याच्या खात्याकडून सी-फॉर्म काढून तुम्हाला पाठवायला हवा. त्यानं पाठवला नाही, फोन उचलणं सोडलं, दुकान बंद केलं. असेसमेंट लागलं तेव्हा तुमच्याकडे फॉर्म नाही, म्हणून पूर्ण दरानं फरकाची मागणी, वर व्याज. दुसरा प्रकार सेटऑफचा, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीचा. खरेदीवर तुम्ही व्हॅट दिला, पण विकणाऱ्यानं तो सरकारात जमा केला नाही. मग तुमचं सेटऑफ नामंजूर. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ही तरतूद उचलून धरली. त्यात हवाला बिलं घेणारे खरे चोरही होते आणि माल खरोखर घेतलेले बापडेही होते. या बापड्यांना आणि सी-फॉर्मवाल्यांना सवलत मिळाली, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. उलट त्यांच्या बाबतीत तीच उशिरा आलेली दुरुस्ती आहे.

सरकारची बाजूही ऐकून घ्या. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅट बहुतेक वस्तूंवरून गेला. मागे उरले ते अपिलांचे गठ्ठे. दुकानं बंद झालेली, भागीदार वेगळे झालेले, मालक वारलेले. कागदावरच्या शंभर रुपयांतले प्रत्यक्षात किती हाती येतील हे वसुलीला जाणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तिथे शंभरातले वीस आजच्या आज तिजोरीत आले, अपील मागे घेतलं गेलं आणि अधिकारी जीएसटीच्या कामाला मोकळा झाला, तर हिशेबानं सौदा वाईट नाही.

माझं भांडण ‘सरसकट’ या शब्दाशी आहे. या एकरकमी पर्यायात अविवादित कर, विवादित कर, व्याज, दंड यांचा वेगळा हिशेब करायचा नव्हता. एकूण आकड्याचे वीस टक्के, बस्स. अविवादित कर म्हणजे जो व्यापाऱ्यानं स्वतःच रिटर्नमध्ये देणं मान्य केला आणि भरला नाही. तो बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या बिलात लावून वसूल केलेला असतो. तो त्याचा पैसा नव्हताच. त्यानं शंभर गोळा केले, वीस दिले, ऐंशी घरात राहिले. सी-फॉर्म न मिळालेला माणूस आणि हा माणूस एकाच खिडकीवर, एकाच दरानं. मोठ्या रकमेसाठी याच योजनांमध्ये अविवादित कर पूर्ण भरण्याची अट होती. म्हणजे फरक करता येत होता. लहान रकमेसाठी सोपेपणा हवा होता, म्हणून तो केला नाही, इतकंच. सोपेपणाची मला किंमत आहे, दोन दिवस बसून असे तक्ते भरलेत मी. पण त्याचा भुर्दंड आमच्या पहिल्या दुकानदारानं भरला.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. जीएसटीत वाट बघणं जुन्यासारखं राहिलेलं नाही. केंद्राच्या कायद्यात नंतर कलम १२८अ आलं. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांसाठी व्याज आणि दंड माफ, पण कर पूर्ण भरायचा होता, मुदत बहुतेकांना ३१ मार्च २०२५ होती. आणि फक्त कलम ७३ खालच्या मागण्यांना, म्हणजे जिथे फसवणुकीचा आरोप नाही. कलम ७४ चा फसवणुकीचा आरोप कायम असेल, तर दार बंद होतं. मला ही आखणी जास्त पटते. कराला हात लावलेला नाही, आणि कोणाला आत घ्यायचं हे रकमेवर न ठरवता वागण्यावर ठरवलंय. तरी पूर्ण न्याय नाहीच. वर्षाला अठरा टक्के व्याज धरा. एक लाखाचा कर पाच वर्षं थांबवणाऱ्याचे नव्वद हजार वाचले, आणि ज्यानं नोटीस येताच व्याजासकट भरले त्याचं व्याज परत मिळालं नाही.

म्हणून मी अशिलांना दोन ढीग करायला सांगतो. ज्या मागणीत खरोखर वाद आहे तिथे मुदतीत अपील करा, नियमाची रक्कम भरा, कागद जपा. उद्या योजना आली, तर ती बघू, पण अपील तिच्या भरवशावर सोडू नका. रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेला कर मात्र दुसऱ्या ढिगात. तो थांबवायचा तर जीएसटीत रिटर्नच अडतं, सलग दोन महिन्यांची रिटर्नं राहिली की ई-वे बिल बंद होतं, तुमच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळत नाही आणि तो पुढच्या महिन्यात शेजारच्या दुकानात जातो.

परवा तो पहिला दुकानदार आला होता. जुन्या पैशांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. त्याचं चलन काढलं. पैसे भरून झाल्यावर त्यानं विचारलं, “मुलगा म्हणतोय या महिन्याचं थोडं थांबवूया, पुढे काहीतरी निघेलच. त्याला काय सांगू?” मी त्याला वीस तारीख दाखवली. तो हसला आणि म्हणाला, “तारीख त्यालाही माहितीये हो.”