पालच्या वाटेवरचा मोह आणि त्याचा तांदळासारखा वास

चैत्रातले खानदेश पाहायला कोणी मुद्दाम जात नाही. भुसावळ ते फैजपूर हा रस्ता दुपारी अंग भाजून काढतो, केळीच्या बागांमधून जाताना तेवढी घटकाभर हवा गार लागते आणि खिरोद्याच्या पुढे सातपुड्याचा चढ सुरू झाला की पुन्हा सगळे कोरडे. त्या प्रवासाविषयी मला एवढेच सांगायचे आहे, कारण मी गेले होते ते पालच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या मोहाच्या झाडासाठी, आणि तेही रात्रीसाठी.

मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेपर्यंत त्याच्या मांसल, पिवळसर पाकळ्यांचा अखंड गोळा जमिनीवर पडतो. ताज्या फुलाला जो वास असतो, त्यात भात शिजत असतानाची एक छटा आहे, असे या भागातील माणसे सहज सांगतात. तिला आधार आहे. मोहाच्या ताज्या फुलांत 2-ॲसिटिल-1-पायरोलिन हे संयुग सापडल्याचे पुण्यातील संशोधकांनी नोंदवले आहे आणि बासमतीचा वास मुख्यतः याच संयुगाचा असतो. पाण्यात अब्जात एक भागापेक्षाही कमी असले तरी ते नाकाला कळते.

अडचण अशी की या फुलाचा अर्क काढून त्यावरून जिवंत फुलाविषयी काही सांगता येत नाही. फुलात साखर ठासून भरलेली असते आणि प्रोलिन नावाचे अमिनो आम्लही असते. ही दोन्ही एकत्र तापली की नेमके हेच संयुग नव्याने तयार होते. भाजलेल्या पावाच्या कडेला येणारा वास असाच जन्मतो. म्हणजे वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्कात ते सापडले, तर ते झाडाने बनवले की भांड्याने, हे ठरवायला मार्ग उरत नाही. पडलेली फुले वापरावीत, तर ती काही तासांतच आंबू लागतात. त्यामुळे फांदीवरच्या फुलाभोवतीची हवा न तापवता पकडणे, म्हणजेच हेडस्पेस घेणे, एवढाच रास्त मार्ग राहतो.

ज्यांचे झाड होते त्या आजींनी मला आधी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. झाडाच्या खालच्या फांदीला हात पोहोचावा म्हणून त्यांच्या मुलाने बैलगाडी आणून खाली उभी केली. शहरातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत इतक्या तत्परतेने मला कधी कोणी मदत केलेली नाही.

फुलांचा एक घोस ओव्हनमध्ये वापरतात तसल्या पॉलिस्टरच्या पिशवीत हलकेच घेतला आणि देठाशी पिशवी सैल बांधली. साधी पॉलिथिनची पिशवी चालत नाही, कारण तिचा स्वतःचाच वास नमुन्यात उतरतो. एका बाजूने कोळशाच्या गाळणीतून स्वच्छ हवा आत सोडली आणि दुसऱ्या बाजूने लहान पंपाने मिनिटाला 200 मिलिलिटर या गतीने ती टेनॅक्स भरलेल्या काचेच्या नळीतून बाहेर ओढली. दोन तासांत 24 लिटर हवा त्या नळीतून जाते आणि वासाचे रेणू टेनॅक्सच्या दाण्यांवर अडकून राहतात. शेजारी दुसऱ्या घोसावर बांधलेल्या पिशवीत मात्र पंप नव्हता. तिथे एसपीएमईची सुई होती, जिच्या टोकाला एक सेंटिमीटर लांबीचा लेपित धागा असतो. तो उघडा ठेवला की वास त्यावर आपोआप बसतो. 2-ॲसिटिल-1-पायरोलिनसाठी माझा भरवसा या धाग्यावर होता. तिसरी पिशवी रिकामीच फांदीला टांगली आणि तिलाही तशीच नळी आणि तसाच धागा लावला. माझ्या मते सगळ्या मांडणीत हीच पिशवी सर्वांत महत्त्वाची असते.

ते का, हे पहाटे दिसले. चारच्या सुमारास आजूबाजूच्या झाडांखालचा पाचोळा पेटू लागला. फुले वेचायची तर जमीन मोकळी हवी, म्हणून पाचोळा जाळण्याची इथली जुनी रीत आहे. मी आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पाचोळ्यात फूल हरवतं, मग दिवसभर काय वेचणार?" त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि त्यांच्या वर्षाच्या कमाईपुढे माझ्या नळ्यांची काय मातब्बरी, तरी धूर माझ्या पिशव्यांकडे सरकताना पाहून जीव तुटत होता. आपल्या झाडाखालचा पाचोळा त्यांनी उजाडेपर्यंत पेटवला नाही. शेजाऱ्यांचा धूर मात्र वाऱ्याबरोबर येतच राहिला.

नळ्यांची आणि सुयांची तोंडे बंद करून त्या बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी जळगावला नेल्या. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये हे नमुने तापवले जातात हे खरे, धागा तर 250 अंशांना. पण त्या धाग्यावर साखर नसते आणि प्रोलिनही नसते, कारण ती हवेत उडत नाहीत. म्हणून इथे तापवल्याने नवे काही बनत नाही. मोकळे झालेले रेणू हेलियमबरोबर 30 मीटर लांबीच्या केसासारख्या नळीतून जातात. भट्टी 40 अंशांपासून मिनिटाला 5 अंशांनी तापत जाते, तसे ते एकेक करून बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे तुकडे मोजतो.

पहाटेच्या टेनॅक्स नळीत फुरफ्युरल दिसले. नुसत्या फुरफ्युरलवरून काहीच ठरत नाही, कारण साखर तापली तरी ते होते आणि लाकूड जळले तरी होते. पण त्याच नळीत ग्वायाकॉल होते, जे धुराची खूण आहे, आणि रिकाम्या पिशवीच्या नळीतही ही जोडी तशीच हजर होती. म्हणजे कोळशाची गाळणी धुरापुढे कमी पडली होती आणि दोन्ही संयुगे फुलाची नव्हती. बेंझाल्डिहाइडचेही तेच. ते अनेक फुलांच्या वासात असते, पण टेनॅक्स झिजतानाही थोडे सुटते. रिकाम्या नळीत ते जवळपास तेवढेच निघाल्यामुळे मी ते यादीतून काढून टाकले. मध्यरात्रीच्या नळ्यांत धुराचा मागमूस नव्हता.

2-ॲसिटिल-1-पायरोलिन शोधणे अधिक नाजूक काम होते. त्याचे शिखर इतके लहान असते की एकूण आलेखात ते शेजारच्या टर्पिनांच्या शिखराखाली सहज झाकले जाते. म्हणून आलेख फक्त 111 या वस्तुमानाच्या आयनावर लावला, कारण त्या रेणूचे वस्तुमान तेवढे आहे, आणि सोबत 83 व 43 हे तुकडे त्याच क्षणी दिसतात का ते पाहिले. शिजलेल्या बासमतीवर धरलेला धागा आधीच चालवून ठेवला होता. मध्यरात्रीच्या मोहाच्या धाग्यावर तिन्ही आयन त्याच वेळेला वर आले. रिकाम्या पिशवीच्या धाग्यावर तिथे सपाट रेघ होती.

पडलेली फुले एका बाटलीत तापवून त्यांवरही एक धागा धरला होता. त्यात हे शिखर कितीतरी मोठे निघाले. प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याला तोच नमुना चांगला वाटला. मला तो साफ अमान्य आहे. तिथे ते संयुग शिजून वाढले होते आणि सोबतचे फुरफ्युरल त्याची साक्ष देत होते, तेही ग्वायाकॉलशिवाय.

या पद्धतीने हाती न लागलेली एक गोष्टही सांगायला हवी. धाग्याची ओढ प्रत्येक संयुगासाठी वेगळी असते, त्यामुळे शिखराच्या उंचीवरून फुलाच्या वासात कशाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. त्यासाठी ज्ञात प्रमाणाचे मिश्रण तशाच पिशवीत, तशाच दमट हवेत सोडून धागा पुन्हा चालवावा लागेल. आजींनी पुढच्या चैत्रात तीच फांदी राखून ठेवायचे कबूल केले आहे. त्या वेळी पिशव्या रात्री दहाला बांधून तीनच्या आत, म्हणजे पाचोळा पेटण्याआधी उतरवायच्या आहेत.